दहावी महत्त्वमापन: एकच खेळणं घेऊन दोन्ही प्रकारची गणितं

दहावीच्या पोरांना गणित शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते, सूत्रं सगळी पाठ असतात पण घनफळ कुठे घ्यायचं आणि पृष्ठफळ कुठे यात गोंधळ होतो. म्हणून मी एकच आकृती घेऊन दोन्ही करायला लावतो.

समजा अर्धगोलावर शंकू बसवलेलं धातूचं भरीव खेळणं आहे. त्रिज्या दोघांची ३ सेमी, शंकूची लंब उंची ४ सेमी. आता पृष्ठफळ विचारलं की स्वतःला एवढंच विचारा, हे खेळणं रंगात बुडवलं तर रंग कुठे कुठे लागेल? शंकूचा तळ आणि अर्धगोलाचा सपाट भाग एकमेकांना चिकटलेत, तिथे रंग पोचणारच नाही. म्हणजे फक्त दोन वक्रपृष्ठफळं, πrl आणि 2πr². इथे l म्हणजे तिरकस उंची, ती दिलेली नसते, ९ आणि १६ ची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ५ येते. मग 15π + 18π = 33π चौसेमी. बरीच मुलं दोघांची एकूण पृष्ठफळं मिळवतात, त्यांचं उत्तर 51π येतं, आणि जास्तीचे 18π म्हणजे बरोब्बर ती चिकटलेली दोन वर्तुळं, प्रत्येकी 9π.

आता हेच खेळणं वितळवून १ सेमी त्रिज्येची, २ मिमी जाडीची नाणी पाडायची. इथे धातू तेवढाच राहतो (वाया जात नाही असं धरतात), म्हणून घनफळ. शंकूचं 12π, अर्धगोलाचं 18π, एकूण 30π. घनफळात मात्र शंकूची लंब उंची ४ च घ्यायची, वरची ५ नाही! नाणं म्हणजे बुटकी वृत्तचिती, जाडी ०.२ सेमी, घनफळ 0.2π, म्हणजे १५० नाणी. मिमीचं सेमी करायचं राहिलं तर १५ येतात आणि ते उत्तर दिसायलाही ठीक वाटतं, त्यामुळे संशयच येत नाही, म्हणून एकक आधीच बदलून घ्या. π ला आधी ३.१४ ठेवून गुणाकार करत बसू नका हां, दोन्हीकडचा उडतो.

आणि वितळवल्यावर पृष्ठफळ तेवढंच राहतं असं कुणी म्हणालं तर नाण्यांचं काढून बघा. एका नाण्याचं एकूण 2.4π, १५० चं 360π. आधी होतं 33π!

कोरण्याचं गणितही असंच बघायचं. ३ सेमी त्रिज्या, ४ सेमी उंचीच्या भरीव वृत्तचितीतून तेवढाच शंकू कोरून काढला तर घनफळ 36π चं 24π होतं, पण रंग आता आतल्या खड्ड्यालाही लागतो, म्हणून वरचं वर्तुळ 9π गेलं तरी शंकूचे 15π आले, आणि पृष्ठफळ 42π वरून 48π झालं.