सौर पंपाच्या विम्याचा अर्ज: बिलातल्या या चुका टाळा

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी मामांचा अर्ज विमा कार्यालयातून परत आला होता. बिल जोडलेलं, सातबारा जोडलेला, मग अडलं कुठं? बिलावर एकच ओळ होती: ‘5 एचपी सौर पंप संच, 1 नग, 3,20,000 रुपये’. विमा उतरवणाऱ्याला ‘संच’ हा शब्द पुरत नाही. चोर संच नेत नाही, चार पॅनेल उचलतो. वीज पडली की बहुतेक कंट्रोलर जळतो. नेमकं काय गेलं आणि ते केवढ्याचं होतं, हे बिलातून दिसलं नाही तर भरपाईच्या वेळी भांडण ठरलेलंच.

मामांनी विक्रेत्याकडून शिक्क्यानिशी फोड लिहून घेतली. 540 वॅटची 9 पॅनेल 1,26,000, सांगाडा आणि पाया 54,000, कंट्रोलर 40,000, पंप व मोटर 60,000, केबल, पाइप, अर्थिंग आणि मजुरी मिळून 40,000. सगळे आकडे जीएसटी धरून, कारण उद्या नवीन घ्यायची वेळ आली तर तो कर मामांच्याच खिशातून जाणार आहे.

फोडीसोबत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक हवा. पॅनेलचा नंबर मागच्या स्टिकरवर सापडतो, कंट्रोलरचा पेटीच्या बाजूला. मोटरचं मात्र बहुतेकजण विसरतात. ती एकदा बोअरमध्ये सोडली की नावपट्टी वाचायला कोण वर काढणार? सोडण्याआधीच फोटो काढून ठेवा. राहून गेलं असेल तर विक्रेत्याकडचं डिलिव्हरी चलन किंवा वॉरंटी कार्ड मागा, त्यावर नंबर असतो. आणि वॉरंटीत कंट्रोलर बदलून मिळाला, तर नवा नंबर विमा कार्यालयाला लेखी कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. नाहीतर पॉलिसीवर जुनी पेटी आणि मळ्यात नवी, असा घोळ होतो.

दुसरी चूक पैशाची, आणि मला तीच सगळ्यात जास्त टोचते. हप्ता कमी यावा म्हणून मामा विमा रक्कम 2,00,000 लिहिणार होते. समजा 56,000 रुपयांची चार पॅनेल चोरीला गेली. नुकसान 2 लाखांच्या आत आहे, म्हणजे पूर्ण मिळेल असं वाटतं. पण वस्तूंची किंमत 3,20,000 आणि विमा 2,00,000 असेल, तर सरासरीच्या अटीप्रमाणे भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. म्हणजे 35,000, आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली स्वतः सोसायची रक्कम आणखी वजा. हप्त्यात वाचलेले थोडके पैसे 21,000 रुपयांना पडले. सरकारी योजनेतला पंप असेल तर काहीजण स्वतः भरलेला 10 किंवा 5 टक्के हिस्साच विम्याची रक्कम म्हणून लिहितात. तीही हीच चूक. मात्र ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्ती हमीसोबत विमाही येतो, त्यामुळे आधी ते कागद बघा आणि मगच नवा विमा मागा.

आता जागा. ‘गाव शिरोळ तालुका’ एवढ्यावर भागत नाही. गट नंबर, पंप नदीवर आहे की विहिरीवर, नदीपासूनचं अंतर, पाया किती उंच, वीजरोधक आणि अर्थिंग आहे का, हे लिहा. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी तिथवर आलं असेल तर तेही लिहा. हे लपवलेलं सर्व्हेअरला खांबावरच्या खुणेवरून आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळतंच, आणि मग दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. पूर पॉलिसीत धरलाय का, हे वेगळं विचारा. पंपाच्या काही पॉलिसींत तो जादा हप्ता भरल्यावरच मिळतो.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की आपण कंट्रोलर काढून घरी आणतो. बरोबरच आहे. पण पॉलिसी साधारणपणे लिहिलेल्या जागेपुरतीच असते. म्हणून पूरकाळात सामान घरी ठेवलं तरी संरक्षण मिळावं, अशी मागणी अर्जातच करावी.

तारखांचंही बघा. मामांचं बिल 12 मार्चचं, पंप चालू झाला 9 एप्रिलला. बिलासोबत उभारणी पूर्ण झाल्याचा, दोघांच्या सह्यांचा दाखला जोडला आणि विमा 10 एप्रिलपासून मागितला. बिल वडिलांच्या नावे आणि अर्ज मुलाच्या, असं असेल तर अर्ज बिल ज्याच्या नावे आहे त्यानेच करावा. पंपावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं नावही पॉलिसीत घालायला सांगावं.

मामांचा दुसरा अर्ज असा गेला:

‘गट नं. … मधील विहिरीवर दि. 9 एप्रिल रोजी चालू झालेल्या 5 एचपी सौर पंपाचा, सोबतच्या यादीप्रमाणे, 3,20,000 रुपयांचा विमा दि. 10 एप्रिलपासून उतरवावा. आग, वीज पडणे, चोरी, यांत्रिक व विद्युत बिघाड आणि पूर यांचे संरक्षण हवे आहे. यांपैकी जे देता येत नसेल ते लेखी कळवावे. सोबत: बिल व किमतीची फोड, अनुक्रमांकांची यादी, उभारणी दाखला, सातबारा, जागेचे फोटो.’

अर्जाची दुसरी प्रत पोच घेऊन मामांनी घरी ठेवली आहे.