पंपाच्या मॅन्युअलमधले आकडे कसे तपासावेत : एका पानाची झडती

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची मॅन्युअल छपाईला जाण्याआधी माझ्याकडे तपासायला येतात. शुद्धलेखनाच्या चुका शोधणं सोपं असतं, कारण चुकलेला शब्द डोळ्यांना खुपतो. आकडा तसा खुपत नाही. ३.७ असो की ५.५, दोन्ही सारखेच सभ्य दिसतात. म्हणून आकडा वाचून चालत नाही, त्याला शेजारच्या आकड्यासमोर उभं करावं लागतं. ते कसं करायचं, हे एका सेंट्रिफ्युगल पंपाच्या ‘तांत्रिक तपशील’ या पानावरून सांगतो.

सुरुवात कागदावर करा. पान छापून घ्या आणि लाल पेन्सिलीने प्रत्येक आकड्याभोवती, त्याच्या एककासकट, चौकट काढा. या पहिल्या फेरीत मजकूर अजिबात वाचायचा नाही. आमच्या पानावर चौकटीत आलं ते असं : डिस्चार्ज ३६ घनमीटर प्रतितास, हेड ३० मीटर, कार्यक्षमता ६५ टक्के, मोटर ३.७ किलोवॉट (५ एचपी), वेग १७५० आरपीएम, पुरवठा ५० हर्ट्झ, मोटरची तापमानवाढ ४० अंश सेल्सिअस (१०४ अंश फॅरनहाइट), एम-१२ बोल्टचा टॉर्क ८ न्यूटन-मीटर.

आता जोड्या लावा. बहुतेक जण किलोवॉट आणि एचपी ताडून बघतात आणि थांबतात. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट, पाच एचपीचे ३.७३ झाले, जोडी जुळली, टिक. इथेच फसगत होते. दोन्ही आकडे एकाच चुकीच्या ओळीतून उचललेले असतील, तर ते एकमेकांशी जुळणारच. मोटरचा आकडा पंपाच्या कामाशी ताडायला हवा. पाण्यासाठी त्याचं सूत्र सोपं आहे :

```
kW = Q × H / (367 × η)
```

Q म्हणजे घनमीटर प्रतितासातला डिस्चार्ज, H म्हणजे मीटरमधलं हेड आणि η म्हणजे कार्यक्षमता, ६५ टक्के असेल तर ०.६५. छत्तीस गुणिले तीस म्हणजे १०८०. त्याला ३६७ ने भागलं की २.९४ किलोवॉट, आणि ०.६५ ने भागलं की साधारण ४.५. म्हणजे पंपाच्या शाफ्टलाच साडेचार किलोवॉट लागतात आणि मसुदा ३.७ ची मोटर लावायला सांगतोय. ती सतत ओव्हरलोडवर चालेल. चौकशी केली तेव्हा कळलं, की आधीच्या लहान मॉडेलचं मॅन्युअल कॉपी करून हे तयार केलं होतं आणि मोटरची ओळ बदलायची राहिली होती. खरी मोटर ५.५ किलोवॉट, म्हणजे बाजारात जिला साडेसात एचपी म्हणतात ती.

आता साडेसात एचपीचं गणित केलं तर ५.५९५ येतं, ५.५ नाही. ते ‘दुरुस्त’ करू नका. या मोटरांच्या ठरलेल्या जोड्या आहेत आणि नेमप्लेटवर तसंच लिहिलेलं असतं. नवशिक्या तपासणाऱ्याचा उत्साह इथे घातक ठरतो.

पुढची जोडी वेग आणि हर्ट्झची. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त १५०० फेरे मारू शकते आणि लोडवर त्याहून थोडे कमी, १४४० ते १४६० च्या आसपास. १७५० हा ६० हर्ट्झच्या देशातला आकडा आहे. निर्यातीच्या आवृत्तीतून घरंगळत आलेला. पण १७५० खोडून १४५० लिहिलं की काम संपलं, असं नाही. वेग बदलला की डिस्चार्ज त्याच प्रमाणात आणि हेड त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. ३६ आणि ३० हे आकडे १७५० वर मोजलेले असतील, तर आपल्याकडे हाच पंप सुमारे ३० घनमीटर आणि जेमतेम साडेवीस मीटर देईल. म्हणून समासात दुरुस्ती न करता प्रश्न लिहिला : ‘ही चाचणी किती आरपीएमवर झाली?’ चाचणी बेंचवरच्या गुजराती भाईंनी अहवाल काढून दाखवला, १४५० वर. म्हणजे फक्त वेगाचीच ओळ चुकली होती. उत्तर उलटं आलं असतं, तर अख्खं पान बदलावं लागलं असतं.

तापमानाची चूक तर मला दर दोन-तीन मॅन्युअलमागे एकदा भेटते. ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट, हे बरोबरच आहे. पण ते तापमानासाठी. इथे तापमान नाही, तापमानवाढ दिली आहे. वाढ किंवा फरक असेल तेव्हा फक्त १.८ ने गुणायचं, ३२ मिळवायचे नाहीत. उत्तर ७२. ‘वाढ’, ‘फरक’, ‘अधिक-उणे’ हे शब्द जवळपास दिसले, की फॅरनहाइटचा आकडा हाताने पुन्हा काढा.

टॉर्कमध्ये आकडा शाबूत होता, एकक बदललं होतं. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘आठ केजी-मीटर’ असतं. टाइप करणाऱ्याने आठ ठेवले आणि नवीन पद्धत म्हणून न्यूटन-मीटर लिहिलं. आठ केजी-मीटर म्हणजे सुमारे ७८ न्यूटन-मीटर. लिहिल्याप्रमाणे कोणी पाना लावला असता, तर बोल्ट ढिला राहून गॅस्केटमधून पाणी झिरपलं असतं. हे पकडायला बोल्टांचं ज्ञान लागलं नाही : देखभालीच्या प्रकरणात त्याच बोल्टला ‘८ केजी-मीटर’ लिहिलं होतं. एकच वस्तू मॅन्युअलमध्ये जिथे जिथे येते, ती सगळी पानं शेजारी ठेवून बघा.

तारखांसाठी वेगळी फेरी करा. मुखपृष्ठावर ‘आवृत्ती ०३/०४/२०२३’ होतं. आपण ते तीन एप्रिल वाचतो, अमेरिकेतला ग्राहक चार मार्च. पंप निर्यात होणार असेल तर महिना अक्षरात लिहायला लावा. याची गमतीदार बहीण सुट्या भागांच्या यादीत सापडली. पाऊण इंची ड्रेन प्लगच्या समोर ‘03-Apr’ छापलेलं! यादी एक्सेलमध्ये केली होती, कोणीतरी 3/4 टाइप केलं आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. अशा यादीत तो रकाना आधीच ‘Text’ करून घ्यावा लागतो. मागाहून केलं तर 3/4 परत येत नाही, तारखेमागचा पाच आकडी क्रमांक दिसू लागतो.

शेवटची फेरी जोडीने. एकाने मूळ ड्रॉइंगवरून वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यात बोट ठेवायचं. वाचताना ‘त्रेपन्न’ म्हणू नका, ‘पाच-तीन’ म्हणा. मराठीत आणि गुजरातीतही एकम आधी बोललं जातं, त्यामुळे ऐकणाऱ्याचा हात ३५ कडे सहज जातो. दशांश चिन्हही मोठ्याने म्हणायचं, ‘सात पॉइंट पाच’. गुजराती आवृत्ती असेल तर आणखी एक डोकेदुखी : त्या लिपीत ‘र’ हे अक्षर आणि दोनचा आकडा जवळजवळ सारखे दिसतात, आणि ‘प’ व पाचचा आकडाही. छापल्यावर फरक कळत नाही. फाइलमध्ये तो आकडा शोधून बघायचा आणि जिथे शोध अडकत नाही, तिथे अक्षर बसलेलं आहे असं समजायचं.

दुरुस्त केलेलं पान परत आलं की ही जोडी पुन्हा बसवा, निदान बदललेल्या ओळींपुरती. आमच्या त्या पानावर साडेसात एचपी दुसऱ्या प्रुफात ७५ होऊन आला होता.