जाहिरातीपेक्षा वरचं पद हवं असेल, तर एचआरशी कसं बोलावं?

समजा, जळगाव एमआयडीसीतल्या एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. अनुभव 3 ते 5 वर्षं. तुमचा अनुभव 9 वर्षांचा, हाताखाली तिन्ही शिफ्टचे मिळून 6 जण. तुम्हाला असिस्टंट मॅनेजरचं पद हवं आहे.

आधी फोन करा, अर्ज नंतर. खालच्या पदाला अर्ज गेला की त्याच पदाचा पगार तुमच्या नावापुढे लागतो, आणि तो पुढे हलवणं अवघड जातं. फोनवर पगाराचं काढू नका. एवढंच विचारा: "मॅडम, हे पद कोणाला रिपोर्ट करतं? जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय?" इंजिनिअर थेट क्वालिटी हेडला रिपोर्ट करत असेल, तर मधली पायरी रिकामी आहे, बोलायला वाव आहे. मध्ये असिस्टंट मॅनेजर आधीच बसलेला असेल, तर त्याच जागेसाठी ताणू नका. दुसऱ्या प्लँटला गरज आहे का, ते विचारा.

पदाची ग्रेड एचआर स्वतःहून बदलत नाही. विभागप्रमुख मागणी करतो, व्यवस्थापन मंजुरी देतं. म्हणून एचआरला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा छोटा मेल लिहा:

"क्वालिटी इंजिनिअरच्या जाहिरातीबद्दल आपलं बोलणं झालं. सध्या मी 6 जणांची टीम पाहतो. आयएस 4985 नुसार तपासणी, बीआयएस ऑडिटची तयारी आणि ग्राहकांच्या तक्रारी माझ्याकडे आहेत. असिस्टंट मॅनेजर पदासाठी माझा विचार होऊ शकेल का? क्वालिटी हेडसाहेबांशी पंधरा मिनिटं बोलायला आवडेल."

यात वर्षांपेक्षा जबाबदारी बोलते. नुसतं "9 वर्षांचा अनुभव" लिहिलं, की समोरचा म्हणतो, हा महाग पडेल आणि टिकणारही नाही. रिजेक्शन कमी केलं असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा द्या, पण मुलाखतीत उलटतपासणी होणार हे धरूनच.

मेल मुलाखतीच्या पहिल्या फेरीआधी जायला हवा. ऑफर हातात आल्यावर पद वाढवून मागितलं तर ती अडवणूक वाटते.

कन्सल्टंटमार्फत जात असाल तर त्याला स्पष्ट सांगा. त्याची फी बहुधा वार्षिक पॅकेजच्या टक्क्यांत असते, त्यामुळे वरचं पद त्यालाही परवडतं. मात्र तुमची मागणी त्याने कंपनीला खरंच कळवली का, हे दोन-तीन दिवसांनी विचारून घ्या.

"आत्ता इंजिनिअर म्हणून या, सहा महिन्यांनी बघू," हे उत्तर हमखास मिळतं. चालणार असेल तर आढाव्याची तारीख आणि पुढचं पद ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. ते लिहून द्यायला तयार नसतील, तर इंजिनिअरच्याच पदावर आणि पगारावर दोन वर्षं काढायची तयारी आहे का, ते ठरवूनच सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्या.