फ्रिजच्या दाराचं रबर आणि कागदाची पट्टी: या चुका टाळा

"दादा, गॅस गेला असंल बघा. बर्फ लई जमायलाय आन् मशीन तर बंदच होईना." परभणीच्या एका काकूंचा हा फोन मे महिन्यातला. बाहेर पारा बेचाळीसच्या वर होता आणि कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की गॅस भरावा लागेल. मी विचारलं, बर्फ कुठे धरतो? म्हणाल्या, सगळ्या फ्रीजरला, दाराकडच्या बाजूला तर बोटभर जाड. तिथेच गॅसवरचा माझा संशय कमी झाला. गॅस कमी पडला की बर्फ सहसा फ्रीजरच्या एखाद्या कोपऱ्यापुरताच धरतो, बाकीचा भाग नुसता ओलसर किंवा कोरडा राहतो. सगळीकडे बर्फ आणि दाराकडे जास्त, याचा अर्थ बाहेरची हवा आत शिरतेय. वाट बहुतेक वेळा एकच असते: दाराच्या कडेनं फिरणारं रबर, म्हणजे गॅस्केट. ते नीट बसतं का हे बघायला दारात कागदाची पट्टी अडकवून ओढतात: घट्ट लागली तर रबर धरतंय, सैल निघाली तर नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात याला कूलरची भर पडते. मराठवाड्यातली मेची हवा तशी कोरडी, पण खिडकीला पाण्याचा कूलर लावला की घरातली हवा ओली होते. काकूंचा फ्रिज कूलरच्या थेट झोतात होता. रबर जिथे सैल, तिथून ही ओली हवा आत जाते आणि तिच्यातल्या पाण्याचा फ्रीजरवर बर्फ होतो. बऱ्याच घरांत कूलर सुरू झाला की बर्फाची तक्रार येते आणि दोष मात्र कॉम्प्रेसरला लागतो.

कागद लावण्याआधीच होणारी चूक

रबर तपासण्याआधी आत काही दाराला अडतंय का ते बघा. भाजीचा डबा पुरता आत सरकलेला नसतो, दुधाच्या पातेल्याचा कान पुढे आलेला असतो, नाहीतर दारातली बाटली आतल्या फळीला टेकते. दार बंद झाल्यासारखं दिसतं, पण केसभर उघडं राहतं. अशा वेळी कागद सैल निघणारच, आणि चांगलं रबर उगाच बदललं जातं.

दुसरी गोष्ट एका दाराच्या फ्रिजची. आतल्या फ्रीजरला जी छोटी झडप असते, तिला रबर नसतं. तिथे कागद लावून बघणारे मी पाहिले आहेत. तिथून कागद निघणारच, त्यावरून काही ठरत नाही. रबर असतं ते मुख्य दाराला. दोन दारांच्या फ्रिजला मात्र दोन वेगळी रबरं असतात आणि दोन्ही तपासावी लागतात.

एकाच जागी कागद लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोक खिशातली नोट काढतात, हँडलजवळ दारात धरतात, ओढतात, घट्ट वाटली की म्हणतात रबर चांगलं आहे. पण रबर सगळीकडे सारखं झिजत नाही. कोपरे आधी कडक होतात, खालच्या बाजूला सांडलेलं दूध आणि सरबत बसतं, कब्ज्याच्या बाजूला रबर दुमडतं. हँडलजवळची एक जागा बाकीच्या तीन मीटर रबराबद्दल काहीच सांगत नाही.

मी साध्या झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाची दोन-तीन बोटं रुंद पट्टी कापतो. वर्तमानपत्राचा कागद फाटतो, कॅलेंडरचा गुळगुळीत कागद चांगल्या रबरातूनही सटकतो. जो कागद घ्याल तोच शेवटपर्यंत वापरा, कारण ही परीक्षा मापाची नाही, तुलनेची आहे. पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि पट्टी हळूच सरळ ओढायची. थांबायचं कशासाठी? दार लावलं की आत शिरलेली गरम हवा लगेच थंड होऊन आकसते आणि दाराला आत ओढून धरते. त्या क्षणी सैल जागाही घट्ट वाटू शकते.

पट्टी ओढताना हाताला तीनपैकी एक गोष्ट कळते. ओढ लागून सरकली तर जागा चांगली. लोण्यातून सुरी जावी तशी निघाली तर सैल. सोडल्याबरोबर स्वतःच घसरली तर तिथे फट आहे. एक वीत अंतर ठेवून सगळ्या दाराभोवती असंच करत जायचं आणि सैल जागी पेन्सिलीची खूण करायची. कब्ज्याची बाजू सोडू नका. तिथली पकड हँडलच्या बाजूपेक्षा थोडी वेगळी लागते, कारण तिथे रबर दाबलं जातं. पण ओढ तिथेही लागलीच पाहिजे.

काकूंच्या फ्रिजला अशा सोळा जागा भरल्या: दोन्ही उभ्या बाजूंना पाच-पाच, वर तीन, खाली तीन. तेरा ठिकाणी कागद नीट धरला. खाली हँडलकडच्या दोन जागी तो अलगद निघाला आणि हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात आपोआप खाली पडला. काकू म्हणाल्या, "मग नवीनच बसवा की." मी म्हटलं, थांबा, आधी या तीन जागा का सुटल्या ते बघू.

एकदम सगळे उपाय करू नका

एकेक उपाय करून प्रत्येक वेळी त्याच खुणांवर पुन्हा कागद लावायचा. नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येते.

पहिला उपाय धुणं. फ्रिजचा प्लग काढला, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि मऊ टूथब्रशनं रबराच्या घड्या साफ केल्या. ज्वारीच्या पिठाचा आणि धुळीचा चिकट थर निघाला. रबर टेकतं ती फ्रिजच्या चौकटीची पत्र्याची कडाही पुसली, ती लोक विसरतात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहू नयेत म्हणून शेवटी कोरडं फडकं. मग कागद लावला, तर खालच्या दोन्ही जागा धरू लागल्या. म्हणजे त्या झिजलेल्या नव्हत्याच, मळलेल्या होत्या.

इथे एक कळकळीचं सांगणं. रॉकेल, पेट्रोल, थिनर, ॲसिड किंवा फिनेल रबराला लावू नका. हे रबर खरं तर मऊ केलेलं पीव्हीसी असतं. रॉकेल-थिनरसारख्या गोष्टी त्यातला मऊपणा ओढून घेतात. त्या दिवशी चकचकीत दिसतं आणि काही आठवड्यांत कडक होऊन तडकतं. खोबरेल तेलही नको. ते खवट होतं, धूळ धरतं आणि झुरळं येतात.

दुसरा उपाय फ्रिजची पातळी. वरचा कोपरा अजून सुटलेलाच होता. घरात शहाबादी फरशी, आणि स्टँडचा हँडलकडचा पुढचा पाय एका खचलेल्या फरशीवर. फ्रिज त्या कोपऱ्यात झुकला होता. वर दारात पाण्यानं भरलेल्या सहा बाटल्या, कारण नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं आणि भरून ठेवावंच लागतं. लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे सहा किलोच्या वर वजन दाराच्या कब्ज्यावर. बाटल्या आतल्या फळीवर ठेवायला लावल्या आणि पायाखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवला. पुठ्ठा घालू नका, फरशी पुसताना तो भिजून बसतो. फ्रिजची पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच हवी, इतकी की दार अर्धं उघडून सोडलं तर ते सावकाश स्वतःच बंद व्हावं. पुन्हा कागद लावला. आता तो पडत नव्हता, पण ओढही लागत नव्हती.

तिसरा उपाय ऊब. कोपऱ्यातलं रबर चपटं होऊन बसलं होतं. केस वाळवायचा ड्रायर मध्यम उष्णतेवर, रबरापासून वीतभर लांब, सारखा हलवत दोन-तीन मिनिटं फिरवला. बोट टेकवल्यावर चांगलं गरम लागावं, चटका बसू नये. एका जागी ड्रायर धरला तर रबर लोंबतं आणि आतली प्लास्टिकची भिंतही वाकते. रबर मऊ झाल्यावर बोटानं त्याची कड बाहेर ओढून फुलवली, घडीत कापसाची बारीक वळी भरली आणि थंड होऊ दिली. मग वळी काढून दार लावलं आणि रात्रभर शक्यतो उघडू नका म्हणून सांगितलं. बरेच जण गरम करतात आणि लगेच दार उघडझाप करून बघतात. रबर थंड होताना ज्या आकारात असेल तोच आकार धरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाही जागी कागदाला ओढ लागली. बर्फ काढून फ्रिज लावला, कूलरच्या झोतातून दोन हात बाजूला सरकवला. संध्याकाळी काकूंचा फोन आला, मशीन मधूनमधून थांबतंय.

ऊब कधी कामाची नाही

घडीच्या आत चीर पडली असेल, रबर बोटानं वाकवल्यावर पांढरं पडून तसंच राहत असेल, किंवा आतली चुंबकाची पट्टी तुटून तिथे पोकळ लागत असेल, तर ड्रायरनं काही होणार नाही. चीर कागदाला कधीकधी सापडतही नाही, कारण रबराची पुढची कड धरते आणि हवा मागून जाते. त्यासाठी रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलची बॅटरी लावून आत ठेवा, दार लावा आणि कडेनं उजेड दिसतो का बघा. चिरेवर झटपट गोंद लावणं ही हमखास चूक आहे. गोंद सुकून दगडासारखा होतो आणि शेजारची चांगली जागाही पत्र्यावर टेकू देत नाही.

नवं रबर घेताना फ्रिजच्या कंपनीचं नाव पुरत नाही. आतल्या बाजूच्या किंवा मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या आणि शक्य असेल तर जुन्या रबराचा तुकडा दुकानात न्या, कारण खाचेत बसणारा काटा वेगवेगळा असतो. नवं रबर पिशवीत दुमडून येतं. तसंच बसवलं तर वळ्यांच्या जागी कागद सैल निघतो आणि माणूस म्हणतो माल खराब. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर सपाट पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की वळ्या सुटतात. मग आधी चारही कोपरे खाचेत बसवा, त्यानंतर बाजूंचे मध्य, शेवटी उरलेलं. ताणून ओढत नेलं तर शेवटच्या कोपऱ्यात रबर कमी पडतं. जुन्या फ्रिजला रबराच्या घडीखाली स्क्रू असतात. ते सगळे एकदम काढू नका, नुसते ढिले करा. तेच स्क्रू दाराला ताठ धरतात, आणि दार पिळवटलं तर नव्या रबरालाही तो कोपरा भरून काढता येत नाही. स्क्रू अर्धे आवळून दार लावून बघा, चारही कोपरे सारखे टेकले की मग पूर्ण आवळा.

नव्या रबराची कागदाची परीक्षा त्याच दिवशी घेऊन घाबरू नका. एक दिवस दार बंद राहू द्या, मग तीच पट्टी घेऊन पुन्हा सगळ्या जागांवरून फिरा. तेव्हाही एखादी जागा सुटली, तर ऊब तेवढ्याच जागेला द्या.