अनुमानित कर : कोणत्या वह्या टाळता येतात?
सोलापुरात चादरींचे दुकान असलेल्या व्यापाऱ्याची वार्षिक विक्री ६० लाख रुपये असून त्यांपैकी ४० लाख बँक किंवा यूपीआयने आणि २० लाख रोखीने आले असतील, तर आयकर कायदा १९६१ मधील अनुमानित कराच्या कलम ४४एडीनुसार अनुक्रमे ६ आणि ८ टक्क्यांनी किमान ४ लाख रुपये नफा धरला जातो. तेवढा नफा दाखवल्यास आयकरासाठी रोजकीर्द व खातेवही ठेवण्याचे बंधन राहत नाही. मात्र जीएसटीसाठी खरेदी-विक्रीची बिले आणि मालसाठ्याची नोंद ठेवावीच लागते. शिवाय आयटीआर-४ या आयकर विवरणपत्रात वर्षअखेरचा साठा, येणी, देणी आणि रोख शिल्लक भरायची असल्याने ३१ मार्चला दुकानातील माल प्रत्यक्ष मोजून यादी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.