समुद्र हवा होता, कलिंगड मिळालं: फ्रेश परफ्यूम बनवताना या चुका टाळा

गुलाबाचा अर्क निघतो, मोगऱ्याचा निघतो. समुद्रावरच्या वाऱ्याचा निघत नाही. नुकत्याच कापलेल्या गवताचाही असा अर्क नाही, जो बाटलीत ओतला की काम झालं. त्यामुळे परफ्यूमरला हे दोन्ही वास खुणांवरून सुचवावे लागतात, आणि घरी प्रयोग करणाऱ्यांचा पाय नेमका इथेच घसरतो. ‘फ्रेश म्हणजे सगळं हलकं आणि पटकन उडणारं’ असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात गवताचा वास देणारं द्रव्य तासाभरात पसार होतं, तर समुद्राचा वास देणारं ब्लॉटरवर, म्हणजे वास तपासायच्या कागदी पट्टीवर, दिवसेंदिवस तळ ठोकून बसतं. पुढच्या बहुतेक तक्रारी या एका विसंगतीतून निघतात.

कॅलोन जास्त पडणं

समुद्री नोटचा कणा म्हणजे कॅलोन. १९६६ मध्ये फायझर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना ते सापडलं. तपकिरी समुद्री शेवाळं आपल्या प्रजननासाठी काही गंधद्रव्यं सोडतात, त्यांच्याशी त्याच्या रेणूची ठेवण मिळतीजुळती आहे. ‘लो दिसे’ (१९९२) आणि ‘आक्वा दि जिओ’ (१९९६) यांसारख्या परफ्यूममुळे तो वास घराघरात पोचला. दिसायला पांढरे स्फटिक, पण ताकद प्रचंड. अगदी थोडं असेल तर ओला, खारट वारा. प्रमाण वाढलं की कलिंगडाची साल आणि त्यामागे शिंपल्यांचा वास.

नेहमी दिसणारा घोटाळा असा. कृतीत लिहिलेलं असतं ‘कॅलोन १० टक्के, ०.२ ग्रॅम’. याचा अर्थ दहा टक्क्यांचं द्रावण ०.२ ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष कॅलोन ०.०२ ग्रॅम. दहा ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या मिश्रणात, ते ०.२ टक्के होतं आणि तेवढं पुरतं. घाईत ०.२ ग्रॅम स्फटिकच वजन करून टाकले, तर तेच प्रमाण २ टक्क्यांवर जातं. मग लिंबू, बर्गमॉट, लॅव्हेंडर, हाताला येईल ते घालून वास दाबायचा प्रयत्न सुरू होतो. तो फसतो, कारण ही सगळी द्रव्यं कॅलोनच्या आधी उडून जातात आणि संध्याकाळी कलिंगड पुन्हा हजर.

पडलेलं कॅलोन काढता येत नाही, पण बिघडलेली बाटली फेकायचंही कारण नाही. कॅलोन पूर्ण वगळून तीच कृती नव्याने ९ ग्रॅम बनवा आणि तिच्यात बिघडलेलं मिश्रण फक्त १ ग्रॅम घाला. प्रमाण बरोबर ०.२ टक्क्यांवर येतं. उरलेले ९ ग्रॅम ‘कॅलोनचा बेस’ असं लेबल लावून ठेवा, पुढच्या वेळी ते मूळ घटकासारखेच वापरता येतील. आणि यापुढे कॅलोनचं एक टक्क्याचं द्रावण हाताशी ठेवा. साध्या काट्यावर एवढ्या बारीक वजनाचा भरवसा नसतो.

आणखी एक. स्फटिकांची बाटली थेट नाकाशी धरू नका. थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावतं, काहीच जाणवत नाही आणि माणूस आणखी घालत सुटतो. ‘कमी वाटलं म्हणून वाढवलं’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

गवताचा भार एकट्या हेक्झेनॉलवर टाकणं

पातं कापलं की त्यातली एन्झाइमं लिनोलेनिक आम्ल फोडतात आणि सिस-३-हेक्झेनाल तयार होतं. हिरवळ कापताना येणारा तो चरचरीत वास मुख्यतः याचा. हे द्रव्य टिकाऊ नसतं, म्हणून परफ्यूमर त्याचं भावंड सिस-३-हेक्झेनॉल वापरतात. वास अगदी पटणारा, पण आयुष्य अल्प. वाढवलं तर टिकत नाहीच. सुरुवातीची दहा मिनिटं मात्र कच्ची आणि बोचरी होतात.

उपाय म्हणजे हिरवेपणाला पायऱ्या देणं. सुरुवातीला थोडं हेक्झेनॉल, जोडीला फळाकडे झुकणारं सिस-३-हेक्झेनिल ॲसिटेट. त्यानंतर ट्रिपलाल हे हिरव्या वासाचं कृत्रिम द्रव्य किंवा गॅल्बनम हा हिरव्या वासाचा डिंक, दोन्ही तिखट असल्यामुळे द्रावणातूनच. तळाशी सिस-३-हेक्झेनिल सॅलिसिलेट, ज्याचा हिरवा, किंचित फुलांकडे जाणारा वास बराच काळ राहतो. गॅल्बनम मात्र जपून. जेर्मेन सेलिए यांनी १९४७ च्या ‘व्हाँ व्हेर’मध्ये ते भरघोस वापरलं आणि परफ्यूम गाजला, पण ते धाडस निभावायला बाकीची रचना तेवढीच भक्कम लागते.

कापलेलं गवत सुकताना गोडसर होतं, कारण काही गवतांत कूमरिन तयार होतं. त्याचा अगदी पुसटसा अंश तळाशी दिला तर गवताची गोष्ट पूर्ण होते. थोडा जास्त झाला की हिरवळ संपून वाळल्या चाऱ्याची गंजी सुरू. तो वासही छान असतो, फक्त तो फ्रेश नव्हे.

मधला पूल विसरणं

गवत उडालं, कॅलोन राहिलं, मध्ये काहीच नाही. चार तासांनी परफ्यूम पोकळ वाटतो तो यामुळे. ओझोनिक द्रव्यं इथे कामाला येतात. नाव ओझोनिक असलं तरी त्यांत ओझोन वायू नसतो. वीज कडाडल्यावर हवेत येते तशी स्वच्छ, किंचित धातूसारखी झाक ती देतात. हेलिओनल आणि फ्लोरालोझोन ही त्यातली नेहमीची नावं. हेलिओनल गवत आणि पाणी या दोघांना छान जोडतं, पण हात सैल सुटला की नाण्यासारखा वास येतो.

मीठ तर हवेत उडतच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचा वास नाही. खारेपणा भासवायला शेवाळाचा अर्क, एव्हर्निलसारखा मॉसचा वास आणि अंबरग्रीससारखा वास देणारं ॲम्ब्रोक्सान लागतं. माझ्या मते समुद्री परफ्यूमचं खरं यश या तळात असतं, कॅलोनमध्ये नाही.

दोष कॅलोनचा की पुलाचा, हे ओळखायला त्याच कृतीची कॅलोनविना दुसरी छोटी आवृत्ती करा. दोन्ही ब्लॉटरवर वेळ लिहा आणि लगेच, एक तासाने, चार तासांनी व दुसऱ्या सकाळी हुंगा. कॅलोनविना आवृत्ती चौथ्या तासाला नीट उभी असेल, तर मूळ कृतीत कॅलोन जास्त आहे. तीही पोकळ वाटली, तर कॅलोन कमी करून काही साधणार नाही. मधला भाग बांधावा लागेल.

रंग बदलला तरी दुर्लक्ष करणं

हेलिओनल, फ्लोरालोझोन, ट्रिपलाल ही सगळी अल्डिहाइडं. त्यांच्यासोबत संत्र्याच्या फुलासारखा वास देणारं मिथाइल अँथ्रानिलेट असेल, तर दोघांची अभिक्रिया होऊन शिफ बेस नावाचं नवं संयुग बनतं. फिकट द्रव पिवळा, मग नारिंगी होतो आणि हवेची झाक जाऊन जड, गोड फुलांचा वास उरतो. बाटलीत कितीही फ्रेश द्रव्यं ओतली तरी गेलेलं अल्डिहाइड परत येत नाही. कृतीत ही जोडी असेल, तर पाच-पाच मिलिलिटरच्या दोन बाटल्या करा, एकीत मिथाइल अँथ्रानिलेट घालून आणि दुसरीत वगळून. दोन्ही काठोकाठ भरा, कारण वर हवा राहिली की अल्डिहाइडं वेगळ्याच कारणाने आंबूस होतात आणि निदान चुकतं. दोन आठवड्यांनी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग ताडून पाहा.