दोन तालुक्यांतला फरक किती पक्का? हो-नाहीच्या मोजणीवरून कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा काढावा

फॉर्म भरून आले आहेत, मोजदाद झाली आहे, असं धरून पुढे जाऊ. लातूर जिल्ह्यातले औसा आणि निलंगा हे दोन तालुके घ्या. प्रश्न एकच: ‘घरात पिण्यासाठी जारचं पाणी विकत घेता का?’ खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी मांडले आहेत. औश्यात २०० घरांनी उत्तर दिलं, त्यातली १०८ ‘हो’ म्हणाली. निलंग्यात २४० घरांपैकी १०२.

भागाकार ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्या संख्येनेच करायचा. औश्यात टीम २१४ दारांवर गेली असेल आणि १४ घरांना कुलूप असेल, तर ती १४ घरं ‘नाही’त ढकलू नका. किती घरं हुकली ते अहवालात वेगळं लिहा.

प्रमाण काढणं सोपं आहे: औसा १०८ ÷ २०० = ०.५४०, निलंगा १०२ ÷ २४० = ०.४२५.

आता प्रत्येक तालुक्याचा व्हेरियन्स. प्रमाण गुणिले एक वजा प्रमाण, भागिले घरांची संख्या. औसा: ०.५४ × ०.४६ ÷ २०० = ०.००१२४२०. निलंगा: ०.४२५ × ०.५७५ ÷ २४० = ०.००१०१८२. याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड एरर: ०.०३५२ आणि ०.०३१९. त्याला १.९६ ने गुणलं की ९५ टक्क्यांच्या इंटरव्हलची, म्हणजे तालुक्याचा खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो त्याची, निम्मी रुंदी मिळते. औश्याला ती ६.९ टक्के येते, निलंग्याला ६.३. म्हणजे औसा ४७.१ ते ६०.९ आणि निलंगा ३६.२ ते ४८.८. व्हेरियन्सचे आकडे मात्र शेवटपर्यंत पूर्ण ठेवा. मध्येच ०.००१ करून टाकलं तर पुढचं सगळं बिघडतं.

इथवर सहसा कुणी चुकत नाही. गाडी अडते ती पुढे, फरकाचा इंटरव्हल काढताना.

बहुतेक जण दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवतात आणि म्हणतात, औश्याचा पट्टा ४७.१ ला सुरू होतो, निलंग्याचा ४८.८ ला संपतो, दोन्ही एकमेकांवर चढले, म्हणून फरक सिद्ध होत नाही. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. पट्टे एकमेकांपासून सुटे असतील तर फरक नक्की आहे, हे खरं. पण ते थोडे चढले म्हणून फरक नाही, असं ठरत नाही. ‘औश्याचा आकडा कुठवर असू शकतो’ आणि ‘निलंग्याचा कुठवर असू शकतो’ या दोन प्रश्नांची ती उत्तरं आहेत. आपला प्रश्न तिसराच आहे: ‘दोघांतलं अंतर कुठवर असू शकतं?’

पट्टे जुळवून पाहताना आपण नकळत असं धरतो की औश्याचा नमुना योगायोगाने पूर्ण ६.९ ने वर गेला आणि त्याच वेळी निलंग्याचा पूर्ण ६.३ ने खाली. दोन वेगळ्या नमुन्यांत दोन्ही चुका एकाच वेळी टोकाला आणि नेमक्या उलट दिशांना जाणं फार क्वचित घडतं. म्हणून या रुंद्या सरळ मिळवायच्या नसतात. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखं त्यांच्याकडे पाहा: एक बाजू ६.९, दुसरी ६.३. सरळ बेरीज १३.२ होते, पण आपल्याला हवा तो कर्ण, आणि तो फक्त ९.३ आहे.

तेव्हा नियम हा: आधी व्हेरियन्सची बेरीज, मग वर्गमूळ. वर्गमुळांची बेरीज नाही. आणि प्रमाणांची वजाबाकी आहे म्हणून व्हेरियन्सचीही वजाबाकी, असं तर मुळीच नाही. अनिश्चितता दोन्ही बाजूंनी येते, त्यामुळे ती वाढतेच.

०.००१२४२० + ०.००१०१८२ = ०.००२२६०२. वर्गमूळ ०.०४७५, गुणिले १.९६ = ०.०९३२. फरक ०.५४० − ०.४२५ = ०.११५. म्हणून इंटरव्हल ०.०२२ ते ०.२०८. शून्य त्याच्या बाहेर आहे. स्टँडर्ड एरर सरळ मिळवले असते तर −०.०१७ ते ०.२४७ आलं असतं, शून्य आत आलं असतं आणि असलेला फरक आपण ‘नाही’ म्हणून फेकून दिला असता.

शीटवर बी कॉलम औश्याचा, सी निलंग्याचा. दुसऱ्या ओळीत उत्तर दिलेली घरं, तिसऱ्या ओळीत ‘हो’:

```
B4: =B3/B2
B5: =B4*(1-B4)/B2
C4: =C3/C2
C5: =C4*(1-C4)/C2
B7: =B4-C4-1.96*SQRT(B5+C5)
B8: =B4-C4+1.96*SQRT(B5+C5)
```

दोन्ही तालुक्यांचे ‘हो’ एकत्र करून एकच प्रमाण वापरायची पद्धत पुस्तकात दिसेल. ती ‘फरक शून्य आहे का’ या चाचणीसाठी आहे, इंटरव्हलसाठी नाही. आणि वरचं सूत्र दोन वेगळ्या नमुन्यांनाच लागू पडतं. तीच घरं मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात विचारली असतील, तर ते मोजमाप जोडीचं होतं आणि हिशोब वेगळा करावा लागतो.

लिहिताना ‘औश्यात ११.५ टक्के जास्त’ एवढंच लिहिलं तर वाचणारा निलंग्याच्या ४२.५ चे ११.५ टक्के समजू शकतो. ‘१०० घरांमागे ११ ते १२ घरं जास्त, ९५ टक्के इंटरव्हल २ ते २१ घरं’ असं लिहा.

मोजणी लहान असेल तर हे सूत्र लंगडं पडतं. एका वस्तीत २५ पैकी २ घरं ‘हो’ म्हणाली, तर खालचं टोक उणे २.६ टक्के येतं, आणि उणे प्रमाण असूच शकत नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ दहाच्या खाली गेले की मोजणीत २ ‘हो’ आणि २ ‘नाही’ वाढवून तोच हिशोब करा: २९ पैकी ४, म्हणजे साधारण १.२ ते २६.३ टक्के. फरकासाठी प्रत्येक गटात १ ‘हो’ आणि १ ‘नाही’ वाढवायचा. विल्सन यांची १९२७ सालची पद्धत याहून बरी आहे (इथे २.२ ते २५.० देते), सॉफ्टवेअर हाताशी असेल तर तीच निवडा.

शेवटचं आणि खेड्यांतल्या सर्वेक्षणात सगळ्यात महागात पडणारं. वरचा सगळा हिशोब घरं तालुकाभरातून सुटी सुटी निवडली असं धरतो. प्रत्यक्षात टीम औश्यातल्या १० आणि निलंग्यातल्या १२ गावांत जाते आणि प्रत्येक गावात २० घरं करते. गावात आरओ प्लांट असला की अर्धं गाव जार घेतं, नसला की कुणीच नाही. शेजारचं घर त्यामुळे नवी माहिती कमीच देतं, आणि २०० घरं २०० च्या तोलाची राहत नाहीत. व्हेरियन्सला १ + (२० − १) × ρ ने गुणावं लागतं. ρ म्हणजे एकाच गावातल्या घरांचं साम्य, ते गाववार आकड्यांवरूनच काढायचं. नुसतं ०.०५ धरलं तरी गुणक १.९५ होतो, निम्मी रुंदी ९.३ वरून १३.० वर जाते आणि फरकाचा इंटरव्हल −१.५ ते २४.५ होतो. शून्य पुन्हा आत. म्हणून फॉर्मवर गावाचं नाव नसेल तर हिशोबाला बसण्याआधी ते मिळवा.